स्पेसरची झडप हलते का, ते बघा

निपाणीतल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम करते. दम्याच्या लहान मुलाला डॉक्टरांनी औषधाचा फवारा मारणारा पंप आणि त्याला जोडायचं नळकांडं, म्हणजे स्पेसर, लिहून दिला, की तो कसा वापरायचा हे घरच्यांना शिकवणं माझ्याकडे असतं. खोलीबाहेरच्या बाकावर बसवून मी दाखवते, त्यांच्याकडून करून घेते आणि पाठवते. पण बाकावर दिसलेलं घरी पोचेपर्यंत अर्धं निसटतं. शिवाय दवाखान्यात आई येते आणि घरी संध्याकाळचा पंप सासूबाई देतात. म्हणून सोबत देता येईल असा एक कागद हवा होता.

पंपाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो, पण तो बारीक इंग्रजी अक्षरांत. आमच्याकडे असलेली पत्रकंही इंग्रजी, नाहीतर कन्नड. आमच्या भागात एकाच घरात कन्नड शाळेत शिकलेली सून आणि मराठीच वाचणारी सासू असते, त्यामुळे एका भाषेचा कागद अर्ध्या घराच्या उपयोगाचा. डॉक्टर म्हणाले, मराठी मजकूर तुम्ही करा, तोच मग कन्नडमध्ये करून घेऊ. आणि लिहायला बसण्याआधी एक काम करा म्हणाले. जे पालक आधीपासून पंप वापरताहेत, त्यांना काही न शिकवता, काही न बोलता, ते घरी जसं करतात तसं करून दाखवायला सांगा आणि नुसतं बघा.

त्या बघण्यातूनच कागद तयार झाला. त्यातली एक आई मी पुरती लक्षात ठेवली आहे, कारण जवळपास सगळ्या अडचणी तिच्या एकाच प्रात्यक्षिकात दिसल्या.

जवळच्या एका गावातली ही बाई. मुलगा साडेतीन वर्षांचा. दिवाळीच्या पाडव्याला त्याचा रोजचा पंप सुरू झाला होता. सकाळी दोन पफ म्हणजे दोन फवारे, रात्री दोन पफ, मास्क लावलेल्या स्पेसरमधून. संक्रांत झाल्यावर ती परत आली ती तक्रार घेऊनच. रात्रीचा खोकला थांबत नव्हता, पळालं की धाप लागत होती. "रोज मारतोय की सिस्टर, एक दिस चुकवत नाही," ती म्हणाली. खोटं ती बोलत नव्हती. डॉक्टर औषध वाढवायच्या विचारात होते, पण वाढवण्याआधी औषध आत पोचतंय का ते बघायचं, हा त्यांचा नेम. त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

तिने पिशवीतून पंप आणि स्पेसर काढला. टोपण काढलं, पंप व्यवस्थित हलवला, स्पेसरच्या मागच्या भोकात बसवला. इथवर सगळं बरोबर. मग तिने लागोपाठ दोनदा दाबलं, स्पेसरमध्ये धुकं भरलेलं दिसलं, आणि नंतर ती मुलाकडे वळली. मुलाने मास्क बघताच तोंड फिरवून रडायला सुरुवात केली. तिने त्याचं डोकं काखेत धरलं, मास्क तोंडावर टेकवला, दोन-तीन हुंदके झाले न झाले तोच काढून घेतला. "झालं बघा," म्हणाली.

आता यात काय काय झालं, ते समजायला स्पेसर कशासाठी आहे ते कळायला हवं. पंपातून औषध फार जोरात सुटतं. स्पेसरशिवाय तोंडात मारलं तर त्यातलं बरंचसं घशावर आदळून तिथेच चिकटतं, शिवाय दाबणं आणि श्वास घेणं एकाच क्षणी जुळावं लागतं, जे लहान मुलाला जमत नाही. स्पेसरच्या नळकांड्यात त्या फवाऱ्याचा जोर मरतो, मोठे थेंब तिथेच राहतात, आणि बारीक धुकं काही क्षण तरंगत राहतं. मूल आपल्या नेहमीच्या श्वासाने ते ओढून घेतं. मास्कच्या तोंडाशी एक पातळ झडप असते. श्वास आत घेतला की ती उघडते, बाहेर सोडला की मिटते, म्हणजे सोडलेला श्वास नळकांड्यात शिरून धुकं विस्कटत नाही.

काही क्षण, हे महत्त्वाचं. धुकं तरंगतं तेवढ्यातच ओढलं पाहिजे. आधी दाबून मग मुलाला धरायला गेलं, तर धरेपर्यंत औषध नळकांड्याच्या भिंतीवर बसलेलं असतं. आणि दोन पफ एकदम मारले तर दुप्पट औषध मिळत नाही. थेंब एकमेकांवर आपटून मोठे होतात, भिंतीला जास्त चिकटतात, आणि मुलाला मिळतं ते एकेक करून दिल्यावर मिळालं असतं त्यापेक्षा कमी. त्या आईचे चारही पफ दिवसाला सुटत होते, पण छातीत जात होतं ते फारच थोडं.

म्हणून आमच्या कागदावरचा क्रम असा झाला: आधी मूल मांडीवर, मग मास्क तोंडावर, मग एक-दोन श्वास जाऊ द्यायचे, झडप हलताना दिसली की एकदा दाबायचं. मास्क न हलवता पाच-सहा श्वास मोजायचे. मग मास्क काढायचा, अर्धा-एक मिनिट थांबायचं, पंप पुन्हा हलवायचा आणि दुसरा पफ पहिल्यासारखाच द्यायचा. पंप पुन्हा हलवणं बहुतेक जण गाळतात. डबीत औषध आणि दाबाखालचा वायू एकत्र असतात आणि बऱ्याच पंपांत ते उभं राहिलं की वेगळं होऊ लागतं. न हलवता मारलेल्या पफमध्ये औषध कमी किंवा जास्त, काहीही येऊ शकतं. डबी वर आणि तोंड खाली, अशीच उभी धरायची, हेही त्यासोबत.

सगळ्यात जास्त वेळ मी झडपेवर घालवला. इतर पत्रकांत "मास्क घट्ट लावा" एवढंच असतं. पण घट्ट लागला की नाही हे आईला कळणार कसं? तिच्या बाजूने बघितलं तर मास्क लागलेलाच दिसतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या खाली, जरा फट राहिली तरी मूल श्वास ओढताना तिथून बाहेरची हवा ओढतं. ती वाट सोपी असते, झडप उघडायला थोडा तरी जोर लागतो. मग धुकं नळकांड्यात जागच्या जागी राहतं. छोट्याशा फटीनेही मिळणारं औषध बरंच घटतं. आणि हे झडपेवरून दिसतं. मास्क नीट बसला असेल तर प्रत्येक श्वासाला झडप लुकलुकते. हलत नसेल तर औषध जात नाही, मग मास्क तोंडावर असो वा नसो. कागदावर पहिली ओळ, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, हीच घातली: झडप हलते का, ते बघा.

त्या आईला मी पंप न लावता नुसता स्पेसर दिला. मुलाला मांडीवर पाठमोरं बसवलं, म्हणजे त्याची पाठ तिच्या छातीला टेकलेली. तिचा एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून, दुसऱ्या हाताने मास्क, आणि मी बाजूला उकिडवी बसून झडप दाखवत होते. पहिल्यांदा झडप अजिबात हलेना. मी तिचा अंगठा धरून मास्कची वरची कड नाकाच्या हाडावर थोडी दाबली आणि खालची कड हनुवटीच्या खोबणीत बसवली. लगेच ती पातळ चकती उघडमीट करायला लागली. ती एकदम म्हणाली, "आत्ता हललं! घरी कधी हललंच नव्हतं की हे." घरी ती स्पेसर असा धरायची की झडप तिच्यापासून पलीकडे, मुलाच्या गालाकडे जायची, तिला दिसायचीच नाही. मग कागदावरच्या चित्रात स्पेसर आईच्या नजरेला दिसेल असा काढून घेतला. साधी गोष्ट, पण चित्रकाराला मी तो तीनदा बदलायला लावला असता तरी चाललं असतं, इतकी ती गरजेची आहे.

रडण्याचं काय, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. आणि बहुतेकींची समजूत अशी की रडताना मूल मोठा श्वास घेतं, म्हणजे औषध जास्तच जातं. उलट आहे. रडताना मूल लांबलचक श्वास सोडतं आणि मध्ये पटकन, झटक्याने आत घेतं. त्या झटक्यात औषध घशातच आदळतं, आणि हलत्या तोंडावर मास्कही बसत नाही. त्यामुळे रडत्या मुलाला धरून पंप देणं हे काम उरकल्याचं समाधान देतं, औषध फारसं देत नाही. झोपेत देऊन बघू, असंही काही जण म्हणतात. ते बऱ्याचदा फसतं, कारण गार मास्क टेकताच मूल जागं होतं आणि घाबरतं, मग दिवसाही मास्क बघून पळतं.

यावर उपाय एकच, मास्कची सवय औषधाशिवाय लावायची. दोन-चार दिवस स्पेसर खेळण्यात ठेवा. बाहुलीला लावा, आजोबांना लावा, मुलाच्या हातानेच त्याच्या तोंडाला लावू द्या. मोठ्याने एक, दोन, तीन मोजा, सहा झाले की मास्क काढायचाच, मुलाने ओळखलं पाहिजे की हे संपतं. या बाबतीत माझं ठाम मत झालंय की घाईत दिलेल्या पफपेक्षा दहा मिनिटांनी शांतपणे दिलेला पफ बरा. रोजच्या पंपाला दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. दम लागलेला असताना मात्र मुलाला कडेवर घेऊन, जमेल तसं शांत करत, लगेच द्यायचा.

आता त्या मुलाच्या पंपाकडे येते. तिने पिशवीतून काढला तेव्हाच मी तो हातात घेऊन हलवला होता. आत खुळखुळ होती. दाबल्यावर फवाराही आला. त्यामुळे तिला वाटत होतं की अजून बराच आहे. खोक्यावर लिहिलं होतं १२० डोस. हिशेब करा. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे दिवसाला चार. १२० भागिले ४, तीस दिवस. शिवाय नवीन पंप सुरू करताना पहिले काही पफ हवेत मारायचे असतात, तेही त्यातूनच जातात. पाडव्याला सुरू केलेला पंप मार्गशीर्ष लागता लागता संपला होता. पौष लागून संक्रांत झाली तरी ती तोच मारत होती, एक दिवसही न चुकवता.

हे कसं होतं? डबीत औषधापेक्षा थोडा जास्त वायू भरलेला असतो, म्हणजे ठरलेले डोस नीट सुटावेत. ते संपल्यावरही फवारा येत राहतो, आवाज येत राहतो, पण त्यात औषध किती आहे याचा भरवसा नसतो. हलवून खुळखुळ ऐकण्याला म्हणूनच अर्थ नाही. डबी पाण्यात टाकून ती तरंगते की बुडते ते बघायची पद्धत काही जण सांगतात, तीही खात्रीची नाही, आणि पाणी गेलं तर तोंडाशी गाळ धरतो. काही पंपांच्या पाठीवर आकडा दाखवणारी खिडकी असते. ती असेल तर प्रश्नच मिटला. नसेल त्यांच्यासाठी कागदावर एक रिकामी चौकट ठेवली: सुरू केल्याची तारीख, रोजचे पफ, संपण्याची तारीख. ती चौकट मी घरी पाठवून भरायला सांगत नाही, बाकावरच भरते, आणि संपण्याची तारीख मार्करने पंपाच्या प्लॅस्टिकवरही लिहिते. गरजेला लागणाऱ्या पंपाला असा ठरीव हिशेब लागत नाही, तिथे कॅलेंडरवर पफाच्या खुणा करायच्या.

गरजेचा पंप म्हटला, म्हणून दोन पंपांतला फरक सांगते. बहुतेक मुलांकडे दोन असतात. एक दम लागल्यावर द्यायचा, सहसा सालब्युटामॉलचा. तो आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करतो, पण सूज कमी करत नाही. दुसरा रोजचा, ब्युडेसोनाइड किंवा तसल्या स्टेरॉइडचा. तो सूज उतरवतो, पण त्याला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि लगेच बरं वाटत नसल्यामुळे घरातले तोच आधी बंद करतात. निळा म्हणजे दमाचा असं सांगून चालत नाही, कारण सगळ्या कंपन्या रंग सारखे ठेवतातच असं नाही, आणि दुकानात एका कंपनीचा नसला की दुसऱ्या कंपनीचा मिळतो. म्हणून आम्ही रोजच्या पंपावर मार्करने सूर्य आणि चंद्र काढतो. ज्या आजींना वाचता येत नाही, त्या सूर्य-चंद्र बघून सकाळ-रात्रीचा पंप बिनचूक ओळखतात. दमाच्या पंपावर काही काढत नाही.

रोजच्या पंपानंतर तोंडात आणि चेहऱ्यावर स्टेरॉइडचा थोडा अंश राहतो. मोठं मूल चूळ भरतं. साडेतीन वर्षांच्याने चूळ भरली तर ती गिळतोच बहुधा. त्याला पाणी पाजायचं आणि मास्क लागला होता तो चेहरा ओल्या फडक्याने पुसायचा. सोपं म्हणजे पंप दात घासायच्या आधी द्यायचा, म्हणजे वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही. हे टाळलं तर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात.

यानंतर धुणं. कागदावरच्या ज्या भागावर बायकांनी सगळ्यात जास्त हरकत घेतली तो हाच. त्या आईचा स्पेसर आरशासारखा लख्ख होता. ती रोज तो पाण्याने धुऊन, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने आतून-बाहेरून पुसून ठेवायची. घर नीटनेटकं ठेवणाऱ्या बाईला आतून पुसू नका म्हणून सांगणं सोपं नाही. पण साध्या प्लॅस्टिकला कोरड्या कापडाने घासलं की त्यावर विजेचा भार येतो. हवेतलं बारीक औषध मग त्या भिंतीकडे ओढलं जातं आणि तिथेच चिकटतं. नवा कोरा स्पेसर खोक्यातून काढून थेट वापरला तरी तेच होतं.

त्यासाठी पहिल्यांदा वापरण्याआधी, आणि नंतर महिन्यातून एकदा, स्पेसरचे भाग सुटे करायचे. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकून त्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचे. घासणी नाही, राख नाही, उकळतं पाणी नाही. बाहेर काढून नळाखाली खळाळून धुवायचं नाही आणि कापडाने पुसायचंही नाही. उभं करून सावलीत वाळू द्यायचं. साबणाचा अगदी पातळ थर आत राहतो, आणि तोच तो भार येऊ देत नाही. फक्त मुलाच्या तोंडाला लागणारा मास्क तेवढा स्वच्छ ओल्या फडक्याने पुसायचा. सासूबाई विचारतात, साबण पोटात जाणार नाही का? वाळल्यावर जो राहतो तो भिंतीला धरून असतो. काही स्पेसर भार न धरणाऱ्या प्लॅस्टिकचे मिळतात, ते थोडे सोयीचे, पण पुसायचे तेही नाहीत, कारण चरे पडतात. धुताना झडप बघून घ्यायची. कडा वळली असेल, फाटली असेल, चिकटून बसली असेल तर स्पेसर बदलायला हवा.

ठेवण्याबद्दल आमच्या भागापुरत्या दोन ओळी घातल्या. इथे कित्येक घरांत विड्या वळल्या जातात, आणि थंडीच्या दिवसांत वखारींकडून तंबाखूचा खकाणा हवेत असतोच. सुपाशेजारी उघडा पडलेला स्पेसर मी स्वतः बघितला आहे, मास्कच्या आत तंबाखूची भुकटी. पुढच्या पफबरोबर ती थेट मुलाच्या छातीत जाणार. म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवायचा. आणि पंपाची डबी चुलीजवळ, खिडकीतल्या उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवायची नाही, संपलेली डबी चुलीत किंवा पाचट पेटवलेल्या रानात टाकायची नाही. ती दाबाखालची असते, फुटते. धूर आणि खकाण्यापासून मुलाला लांब ठेवण्याबद्दल मात्र या कागदावर एकच वाक्य आहे. ते प्रकरण मोठं आहे, त्यावर पोट भरणाऱ्या घरांशी ते समोर बसूनच बोलावं लागतं, आणि एका कागदात दोन विषय घातले की दोन्ही वाचले जात नाहीत.

कागदाची मागची बाजू पूर्ण दम लागल्यावेळची. पुढच्या बाजूशी ती मुद्दाम मिसळली नाही, कारण रात्री दोन वाजता कोणी पहिल्यापासून वाचत नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असं: दमाच्या पंपाचे दोन पफ, एका वेळी एकच, स्पेसरमधून. वीस मिनिटं थांबून बघायचं. आराम नसेल तर पुन्हा दोन, आणि आणखी वीस मिनिटांनी गरज पडली तर पुन्हा दोन. पहिल्या दोन तासांत या सहा पफांपेक्षा जास्त लागतील असं वाटलं तर घरी थांबायचं नाही. आणि काही खुणा दिसल्या तर वीस मिनिटंही थांबायचं नाही: मूल बोलू शकत नाही किंवा पाणी पिऊ शकत नाही, बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासाला आत ओढला जातो, ओठ निळसर दिसतात, मूल गळून पडतं किंवा झोपाळल्यासारखं होतं. तेव्हा पंप सुरू करून त्याच पावली निघायचं, १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल ते वाहन घ्यायचं, आणि वाटेत पंप-स्पेसर जवळ ठेवायचा. आमच्याकडे बऱ्याच गावांतून रात्री एसटी नसते, म्हणून कागदावर एक ओळ कोरी ठेवली आहे: रात्री कोणाची गाडी मिळेल, त्याचा फोन नंबर. ती भरून घेताना कळतं की घरात त्याचा विचार झाला आहे की नाही.

छापायच्या आधी कागद लोकांच्या हातात देऊन बघितला. "समजलं का?" असं विचारायचं नाही, कारण उत्तर हो असंच येतं. कागद द्यायचा, तो वाचत वाचत करून दाखवायला सांगायचं, आणि जिथे हात अडेल तिथे वाक्य बदलायचं. एका आजोबांनी "पाच-सहा श्वास" वाचून स्वतःच पाच-सहा श्वास घेतले, नातवाचे मोजलेच नाहीत. मग तिथे "मुलाचे पाच-सहा श्वास, झडप बघून मोजा" असं झालं. एका बापाने "मी वाचलो, सगळं कळलं" म्हणत पंप लावला तो आडवा. तिथे चित्र घातलं. वाक्यं जिथे तोकडी पडली तिथे चित्र, जिथे चित्रातून उलट अर्थ निघाला तिथे वाक्य, असं करत करत तो आत्ताच्या रूपात आला.

त्या मुलाचं औषध डॉक्टरांनी वाढवलं नाही. आहे तेच, नव्या पंपातून, चार आठवडे नीट द्या म्हणाले. पुढच्या वेळी आली तेव्हा रात्रीचा खोकला बराच कमी झाला होता, पूर्ण गेला नव्हता. तिने करून दाखवलं, झडप छान हलत होती, फक्त दुसऱ्या पफआधी पंप हलवायचं राहिलं. तेवढं पुन्हा सांगितलं. चार वर्षांचा होत आला की त्याला मास्कवरून तोंडात धरायच्या नळीवर आणायचं आहे, कारण मास्कमधून घेतलेल्या औषधातलं काही नाकातच अडकतं. नळी दातांत हलकी धरून ओठ मिटता आले आणि सांगितल्यावर तोंडाने श्वास घेता आला, म्हणजे मूल तयार झालं. तिथेही तपासणी झडपेवरच. नळी तोंडात आहे आणि झडप हलत नाही, तर मूल नाकाने श्वास घेतंय. सुरुवातीला बहुतेक मुलं तसंच करतात, तोवर मास्क सोडायचा नाही.

हातांना बसलेली सवय हळूहळू सैल होते, प्रत्येकाचीच होते, म्हणून कागदाच्या तळाशी शेवटची ओळ आहे: पुढच्या वेळी येताना पंप, स्पेसर आणि हा कागद, तिन्ही पिशवीत घालून आणा, आणि संध्याकाळचा पंप जो देतो त्यालाही सोबत आणा.